शर्टचा रंग बदलायचा, गळ्याचा नाही

लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो निवडायचा आहे असं समजा. मुलगा गच्चीवर सकाळच्या उजेडात उभा आहे, हाताची घडी घातलेली, चेहऱ्यावर छान हसू. अडचण एकच. शर्ट फिकट आकाशी आणि मागची भिंतही तशाच रंगाची, त्यामुळे माणूस भिंतीत विरघळल्यासारखा दिसतो. शर्ट मरून असता तर फोटो उठून दिसला असता. हा बदल फोनवर, स्नॅपसीड या मोफत अ‍ॅपमध्ये करता येतो. मात्र बहुतेकांचं काम गळ्यापाशी येऊन बिघडतं. शर्ट मरून होतो आणि त्याबरोबर कॉलरवरच्या कातडीला लालसर डाग पडतो, मनगटावर रंग चढतो, किंवा उलट कॉलरभोवती जुन्या आकाशी रंगाची बारीक रेघ उरते. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण फोटोत काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच जाणवतं.

रंग त्वचेवर का सांडतो हे समजलं, तर तो थांबवणं फार कठीण नाही. त्यासाठी ब्रश हातात घेण्याआधी रंग कोणत्या साधनाने बदलायचा हे ठरवावं लागतं. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

स्नॅपसीड मुळात निक सॉफ्टवेअर या कंपनीचं. ते 2011 मध्ये आलं आणि 2012 मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. आपल्या कामाची सोय 2015 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. फोटोवर केलेला प्रत्येक बदल अ‍ॅप वेगळा जपून ठेवू लागलं आणि त्यातला कोणताही बदल फोटोच्या ठरावीक भागावरच ब्रशने रंगवता येऊ लागला. बदल कुठे दिसावा आणि कुठे दिसू नये हे सांगणाऱ्या या अदृश्य नकाशाला मास्क म्हणतात. आयफोनवर 2025 मध्ये अ‍ॅपचं रूप बरंच बदललं, त्यामुळे बटणांच्या जागा थोड्या वेगळ्या दिसतील. मी इथे अँड्रॉइडवरची जुनी, अनेकांच्या सवयीची मांडणी धरून लिहितो आहे.

पहिली गल्लत Selective या साधनाच्या नावामुळे होते. निवडक भागावर काम करणारं साधन म्हणून लोक तेच उघडतात, शर्टवर बोट ठेवतात आणि रंग बदलायची पट्टी शोधत राहतात. ती तिथे नाही. Selective ने त्या जागेचा उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा आणि पोत बदलतो, पण आकाशीचा मरून होत नाही. Brush नावाचं साधनही आहे, त्यातही उजेड, उबदारपणा आणि रंगाचा गडदपणा एवढंच मिळतं. शर्टचा रंग खऱ्या अर्थाने बदलायचा तर Curves उघडायचं, संपूर्ण फोटोचा रंग बदलायचा आणि मग तो बदल मास्कने फक्त शर्टपुरता ठेवायचा.

Curves मध्ये फोटोवर एक तिरकी रेघ दिसते, डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. डावं टोक म्हणजे फोटोतला काळोख, उजवं टोक म्हणजे सगळ्यात उजळ भाग. खालच्या बटणातून लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांच्या रेघा वेगवेगळ्या हलवता येतात. फोनच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका या तीन रंगांच्या मिश्रणाने बनतो आणि प्रत्येकाचं प्रमाण 0 ते 255 असं मोजतात. आपल्या फोटोत शर्टवर जिथे ऊन पडलंय तिथे लाल 150, हिरवा 185, निळा 220 असं मिश्रण आहे असं धरू. काखेजवळच्या सावलीतल्या चुणीत तेच लाल 75, हिरवा 95, निळा 120 आहे.

आता Green निवडा आणि रेघेचं उजवं वरचं टोक सरळ खाली ओढा, साधारण एक तृतीयांश उंचीवर येईपर्यंत. मग Blue निवडून त्याचंही उजवं टोक खाली आणा, पण हिरव्यापेक्षा किंचित वर थांबा. Red ला हात लावू नका. आकड्यांत बघायचं तर हिरव्याचं टोक 255 वरून 80 वर आलं आणि निळ्याचं 90 वर. उन्हातला शर्ट आता लाल 150, हिरवा 58, निळा 78 झाला, म्हणजे छान मरून. सावलीतली चुणी लाल 75, हिरवा 30, निळा 42 झाली, म्हणजे त्याच मरूनची गडद छटा. ऊन आणि सावली यांच्यातलं नातं तसंच राहिलं, म्हणून कापड कापडासारखंच दिसतं. बल्बवर रंगीत जिलेटिन कागद लावावा तसा हा परिणाम आहे: उजेड जितका असेल तितका रंग, काळोखात काहीच नाही.

उजवं टोक खाली ओढण्याऐवजी कुणी डावं टोक वर उचललं तर सावल्यांमध्ये रंग ओतल्यासारखा होतो. चुण्या दुधट पडतात, काळी बटणं राखाडी होतात आणि शर्ट प्लास्टिकचा वाटायला लागतो. इंटरनेटवरच्या अनेक ‘ड्रेस कलर चेंज’ फोटोंमधला तो सपाट, चिकट रंग असाच तयार होतो. म्हणून माझा आग्रह आहे की डावं टोक शक्यतो जागचं हलवू नये. त्याचा फायदा त्वचेजवळ काम करताना होतो.

या टप्प्यावर सगळा फोटो भडक लाल दिसेल, चेहरासुद्धा. घाबरायचं कारण नाही. चेहऱ्याकडे बघायचंच नाही, फक्त शर्टवर नजर ठेवून छटा ठरवायची आणि बरोबरच्या खुणेवर टिचकी मारायची. तिन्ही रंगांचे बदल एकाच वेळी, एकाच Curves मध्ये उरका. आज Curves, मग थोडा White Balance, मग आणखी काही असं केलंत, तर प्रत्येक बदलाला स्वतःचा मास्क लागतो आणि एका बदलाचा मास्क दुसऱ्यावर उतरवता येत नाही. तीन मास्क म्हणजे गळ्याभोवती तीनदा बोट फिरवणं. तीन वेळा तंतोतंत एकच कड कुणालाच जमत नाही.

आता वरच्या थर दाखवणाऱ्या चिन्हावर टिचकी मारा आणि View edits निवडा. उजवीकडे खाली केलेल्या बदलांची यादी उघडते. त्यातल्या Curves वर बोट ठेवलं की बाजूला छोटी पट्टी येते, तिच्यातलं ब्रशचं चिन्ह निवडा. फोटो पुन्हा मूळ आकाशी शर्टसह दिसू लागतो. बदल पुसला गेलेला नसतो, फक्त झाकलेला असतो, आणि जिथे तुम्ही बोट फिरवाल तिथेच उघडा होतो. खाली बाण आणि मध्ये आकडा दिसतो: 100, 75, 50, 25 आणि 0. हा ब्रशचा जोर. 100 म्हणजे पूर्ण रंग, 0 म्हणजे खोडरबर. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की मास्क लाल थर होऊन दिसतो.

ब्रशचा आकार बदलायला वेगळं बटण नाही, म्हणून नवखे लोक अडतात. ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, फोटो मात्र दोन बोटांनी मोठा करता येतो. फोटो जितका मोठा कराल तितका ब्रश फोटोच्या मानाने बारीक होतो. छाती आणि पोटाचा भाग फोटो पूर्ण दिसत असताना भरभर भरून घ्या. मग डोळ्याचं चिन्ह लावून ठेवा. मरूनवर काम करताना हे फार गरजेचं आहे, कारण सावलीत राहिलेली भोकं नुसत्या नजरेला दिसत नाहीत. लाल थरात ती ताबडतोब सापडतात.

खरी कसोटी कडेची. तिथे मी असं सुचवतो: फोटो इतका मोठा करा की कॉलरची एक बाजू पडदाभर दिसेल. शर्टच्या आतून 100 च्या जोराने कडेपर्यंत या आणि अगदी किंचित पलीकडे, त्वचेवर जाऊ द्या. मग जोर 0 करा आणि या वेळी त्वचेच्या बाजूने, मानेवरून खाली येत, एकाच सलग फेऱ्यात जादा रंग खोडा. ब्रशची कड थोडी मऊ असते. आतून बाहेर जपत जपत रंगवलं तर बोट थबकतं, कड दातेरी होते आणि आकाशी ठिपके मागे राहतात. बाहेरून खोडताना बोट मानेच्या रेषेवरून सहज घसरतं, म्हणून कड सलग येते.

कॉलर आणि मान यांच्यामध्ये जवळजवळ नेहमीच एक बारीक सावली असते. मास्कची सीमा नेमकी त्या सावलीत पडू द्या. वर सांगितलं तसं उजवं टोक खाली ओढून बदललेला रंग काळोखात दिसतच नाही, म्हणून सीमा सावलीत थोडी इकडेतिकडे झाली तरी कुणाला कळत नाही. याच कारणाने काळे केस, दाढी, घड्याळाचा काळा पट्टा यांची फार काळजी करायची गरज नाही. खांद्यावर रुळणाऱ्या केसांच्या बटा एकेक करून वगळत बसू नका, त्यांच्यावरून सरळ बोट फिरवा. काळा रंग काळाच राहतो. जपायचं ते उजळ भागांना: मान, हात, मंगळसूत्र किंवा चेन, खिशातलं पेन, पांढरी बटणं. बटणं मी नेहमी खोडून मूळ रंगात ठेवतो. शर्टबरोबर बटणंही मरून झाली की तो रंगवलेला आहे हे पहिल्यांदा तिथेच लक्षात येतं.

हाताची घडी घातलेल्या फोटोत बोटं शर्टवर टेकलेली असतात आणि दोन बोटांमधल्या फटीतून शर्ट डोकावतो. तिथे आधी सगळ्या हातावरून रंग जाऊ द्या, मग फोटो खूप मोठा करून एकेका बोटाचा रंग खोडा. फटीतला शर्ट आपोआप मरून राहतो. फटी भरत बसण्यापेक्षा हे निम्म्या वेळात होतं.

इतकं जपूनही कधी कधी मानेवर केसाएवढी रेघ उरते. त्यात हाताचा दोष नसतो. बहुतेक फोनच्या जेपीईजी फोटोंमध्ये उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी असते, पण जागा वाचवायला रंगाची नोंद शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच ठेवलेली असते. त्यामुळे शर्टचा आकाशी रंग मूळ फोटोतच एक-दोन ठिपके मानेवर पसरलेला असतो. मास्क अगदी अचूक असला तरी तो पसरलेला रंग बाहेर राहतो आणि शर्ट मरून झाल्यावर वेगळा उठून दिसतो. अशा ठिकाणी ब्रशचा जोर 50 किंवा 25 करून कडेवरून एकदाच हलका हात फिरवावा, रेघ मिटते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत हा पसरलेपणा आणखी वाढलेला असतो. म्हणून कॅमेऱ्यातला मूळ फोटोच वापरायचा.

एक दोष कडेवर नसतो, त्यामुळे शोधूनही पटकन सापडत नाही. उन्हात उभ्या माणसाच्या शर्टवर आपटलेला उजेड हनुवटीखाली आणि गळ्यावर परत फेकला जातो आणि त्याबरोबर शर्टचा रंगही तिथे जातो. आपल्या मुलाच्या हनुवटीखाली त्यामुळे हलकी निळसर झाक आहे. शर्ट आकाशी असताना ती स्वाभाविक वाटते, मरून शर्टवर मात्र मान आजारी दिसते. इथे Brush साधन उपयोगी पडतं. त्यात Temperature निवडा, सगळ्यात कमी अधिक आकडा ठेवा आणि फक्त हनुवटीखाली एकदा बोट फिरवा. झाक उबदार होते. मूळ शर्ट भगवा किंवा पिवळा असेल तर उलट, उणे आकडा घ्यायचा. या पायरीचा उल्लेख मला शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये क्वचितच दिसतो. मला मात्र ती कडेइतकीच महत्त्वाची वाटते.

मरून निवडण्यामागे आणखी एक विचार आहे. आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मुळातच लाल रंगाचं प्रमाण हिरव्या-निळ्यापेक्षा जास्त असतं. त्यामुळे मरून चुकून कातडीवर सांडला तरी तो थोडीफार लाली म्हणून खपतो. हाच शर्ट बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा करायचा ठरवला, तर मानेवरचा एवढासा सांडलेला रंगही बुरशीसारखा दिसेल. पहिल्यांदाच करत असाल तर मरून, वाइन किंवा विटकरी घ्या. रंगवून झाल्यावर छटा आवडली नाही तरी मास्क पुन्हा काढावा लागत नाही. View edits मध्ये जाऊन Curves च्या शेजारचं पट्ट्यांचं चिन्ह निवडा आणि रेघांची टोकं पुन्हा हलवा. मास्क तसाच राहतो.

फिकट शर्ट गडद करणं सोपं, गडद शर्ट फिकट करणं जवळजवळ अशक्य. काळ्या शर्टच्या चुण्यांमध्ये कॅमेऱ्याने फारशी माहिती टिपलेलीच नसते. तो पिवळा करायला गेलात तर हाती दाणेदार चिखल लागतो. झगझगीत उन्हातल्या पांढऱ्या शर्टची अडचण वेगळी. जिथे तिन्ही रंग 255 ला टेकले आहेत तिथे चुणीच उरलेली नाही, त्यामुळे रंग दिल्यावर तो भाग कागदासारखा सपाट दिसतो. सावलीत काढलेला पांढरा शर्ट मात्र सुरेख रंगतो.

भडक लाल शर्ट निळा करायचा असेल तर एकट्या Curves ने भागत नाही. लाल शर्टात निळा रंग जवळपास नसतोच, मग त्याचं टोक कुठेही नेलं तरी काय फरक पडणार? त्याला एक वळसा आहे. आधी सगळा फोटो Black & White मध्ये नेऊन त्यातला लाल फिल्टर लावा, म्हणजे शर्ट चुण्यांसकट फिकट राखाडी होतो. मग Curves मध्ये Red आणि Green ची उजवी टोकं खाली आणून तो निळा करा. हा पूर्ण निळा फोटो Export करून वेगळा ठेवा. आता मूळ फोटो नव्याने उघडा आणि Double Exposure मध्ये तो निळा फोटो वर ठेवा. दोन्हींचा आकार सारखा असल्याने ते एकमेकांवर नीट बसतात. पारदर्शकतेची पट्टी शेवटपर्यंत नेली की फक्त निळा फोटो दिसतो. तिथून View edits मध्ये जाऊन Double Exposure चा मास्क शर्टवर रंगवा. दोन वेगळे बदल झाले, पण मानेभोवती बोट एकदाच फिरलं.

काम संपल्यावर फोटो मोठा करून तपासू नका, लहान करून तपासा. फोन हातभर लांब धरा, तुलनेचं चिन्ह दाबून मूळ फोटो बघा आणि सोडा. नजर आपोआप मानेकडे किंवा मनगटाकडे गेली तर तिथे काहीतरी राहिलं आहे. चेहऱ्यावरच थांबली तर Export करा. बायोडेटाबरोबर तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो आणि रंग पुन्हा कडेवर पसरतो. गडद लाल रंगाच्या कडा त्यात सगळ्यात आधी बिघडतात.